शफल लावलं तरी तोच गायक पुन्हा का येतो?

प्लेलिस्टमध्ये शंभर गाणी आहेत आणि गायक आहेत दहा. शफलचं बटण दाबून माणूस कामाला लागतो. पहिलं गाणं एकाचं लागतं, दुसरंही त्याचंच. तिसरं भलत्याचं, आणि चौथ्याला पहिले महाशय पुन्हा हजर. दहा गाणी वाजून झाली तरी दहापैकी तिघाचौघांचा पत्ताच नसतो. अशा वेळी मनात दोनच शंका येतात. एक तर हे शफल बिघडलंय, नाहीतर ॲपवाल्यांचं या गायकाशी काहीतरी साटंलोटं आहे.

ही तक्रार बरीच जुनी आहे. आयपॉडच्या काळात ती इतकी झाली की २००५ साली ॲपलने आयट्यून्समध्ये ‘स्मार्ट शफल’ नावाची सोय दिली. एकाच गायकाची किंवा एकाच अल्बमची गाणी लागोपाठ येण्याची शक्यता त्यात ऐकणाऱ्याला कमीजास्त करता येत असे. शफल जास्त ‘रँडम’ वाटावं म्हणून आम्ही ते कमी रँडम करतोय, अशा अर्थाचं स्टीव्ह जॉब्ज तेव्हा बोलले होते. पुढे २०१४ साली स्पॉटिफायच्या अभियंत्यांनीही उघडपणे लिहिलं की आमचं आधीचं शफल गणिताच्या दृष्टीने बरोबर होतं, पण लोकांना ते पटत नव्हतं, म्हणून आम्ही ते बदललं.

म्हणजे लोक तक्रार करत होते ती बिनचूक चालणाऱ्या शफलची. हे कसं, ते पाहू.

## पत्ते पिसणं आणि फासा टाकणं

आधी एक घोळ मिटवू. गाणी ‘कशीही’ लावण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला फाशासारखा. प्रत्येक गाणं संपलं की पूर्ण यादीतून नव्याने एक गाणं उचलायचं. फाशाला आधी काय पडलं हे आठवत नाही, त्यामुळे आत्ताच वाजलेलं गाणं लगेच पुन्हा वाजू शकतं. शंभर गाण्यांच्या यादीत अशी निवड केली, तर बाराव्या-तेराव्या गाण्यापर्यंत एखादं गाणं दुसऱ्यांदा लागण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर जाते. ऐकणाऱ्याला हे सहन होणार नाही.

दुसरा प्रकार पत्ते पिसण्यासारखा. अख्खी गड्डी एकदाच पिसायची आणि मग वरून एकेक पान काढत जायचं. एक फेरी पूर्ण होईपर्यंत कुठलंच पान दोनदा येत नाही. शफल म्हणतात ते यालाच.

संगणकाने नीट पिसायची रीतही जुनी आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी दिली होती आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये ती संगणकासाठी बेतली. कल्पना अगदी साधी आहे. सगळ्या गाण्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका, न बघता एक काढा, ते पहिलं गाणं. उरलेल्यांतून पुन्हा एक काढा, ते दुसरं. डबा रिकामा होईस्तोवर हेच करा. प्रत्येक वेळी डब्यातल्या प्रत्येक चिठ्ठीला सारखी संधी मिळाली, की झालं. डर्स्टनफेल्ड यांची करामत एवढीच की वेगळा डबा लागत नाही. यादीतच शेवटच्या जागेपासून मागे येत गाण्यांची अदलाबदल केली की काम भागतं.

अशा पिसण्याला यादृच्छिक म्हणतात. त्याचा नेमका अर्थ असा, की यादीचे जितके क्रम शक्य आहेत त्यांतला प्रत्येक क्रम येण्याची शक्यता सारखीच असते. फक्त दहा गाणी घेतली तरी ३६,२८,८०० क्रम होतात. एका गायकाची सगळी गाणी एकापाठोपाठ येणारे क्रमही त्यांत आहेत आणि सगळे गायक सुबकपणे आलटून-पालटून येणारेही. पिसणाऱ्याला दोन्ही सारखेच. त्याला गायक कोण हेच ठाऊक नसतं, त्याच्या लेखी त्या नुसत्या चिठ्ठ्या.

## किती वेळा शेजारी येणं साहजिक आहे?

आता एक छोटी प्लेलिस्ट घेऊ आणि शेवटपर्यंत तीच वापरू. वीस गाणी, पाच गायक. सगळ्यांच्या यादीत असतं तसं हिच्यातही वाटप असमान आहे. अ हा लाडका गायक, त्याची आठ गाणी. बची पाच, कची चार, डची दोन आणि ईचं एकच.

वीस गाणी ओळीने लावली की मध्ये एकोणीस सांधे येतात. पहिल्या-दुसऱ्या गाण्यामधला एक, दुसऱ्या-तिसऱ्यामधला एक, असे. यांतल्या सरासरी किती सांध्यांच्या दोन्ही बाजूंना एकच गायक असेल?

हिशेब तोंडी होण्याइतका सोपा आहे. प्रत्येक गायकाच्या गाण्यांची संख्या घ्यायची आणि तिला तिच्याहून एक कमी अशा संख्येने गुणायचं. अचे ८ गुणिले ७, म्हणजे ५६. बचे २०, कचे १२, डचे २ आणि ईचं शून्य, कारण एकट्या गाण्याला जोडी कुठून मिळणार. सगळ्यांची बेरीज ९०. तिला एकूण गाण्यांनी, म्हणजे २०ने भागलं की उत्तर येतं साडेचार.

एकोणीस सांध्यांपैकी सरासरी साडेचार ठिकाणी तोच गायक लागोपाठ. शफलमध्ये काहीही दोष नसताना. असा एखादा क्रम लिहून पाहू:

अ अ क ब अ ब ब ड अ अ क क अ ब अ ई क ड अ ब

यात चार जोड्या आहेत. सुरुवातीलाच अची एक, मग बची, पुन्हा अची आणि तिला खेटून कची. नवव्या गाण्यापासून बाराव्यापर्यंतचा तुकडा ऐकणाऱ्याला वाटणारच की ॲप झोपलंय. पण हा क्रम अगदी मध्यम आहे, सरासरीपेक्षा अर्ध्या जोडीने कमीच.

यावर कोणी म्हणेल, अची गाणीच जास्त आहेत, मग होणारच. बरोबर आहे, असमानतेमुळे आकडा वाढतो. पण वाटप सारखं असलं तरी तो शून्यावर येत नाही. सुरुवातीची यादी घ्या, शंभर गाणी, दहा गायक, प्रत्येकाची दहा. तिथे नव्याण्णव सांध्यांपैकी सरासरी नऊ जोड्या पडतात. तीन गाणी सलग एकाच गायकाची येणं हेही नवलाचं नाही, चार वेळा शफल केलं तर सगळं मिळून सरासरी तीनदा ते घडतं. आणि पहिल्या दहा गाण्यांत दहाही गायक भेटतील ही अपेक्षा तर सोडूनच द्या. सरासरीने सहा-सातच भेटतात. एकही जोडी न पडता शंभरच्या शंभर गाणी जाणं मात्र खरोखर दुर्मीळ आहे. हजार वेळा पिसलं तरी बहुधा एकदाही दिसणार नाही. म्हणजे आपण ज्याला ‘नीट शफल’ म्हणतो, ते योगायोगाने जवळजवळ कधीच घडत नाही.

## गुच्छ दिसला की हेतू दिसतो

पावसाचे पहिले थेंब कोरड्या फरशीवर पडतात तेव्हा वाकून बघा. थेंब एकमेकांपासून मोजून अंतर ठेवत नाहीत. कुठे चार-पाच एकत्र पडलेले असतात, तर कुठे हातभर फरशी कोरडीच. सगळे ठिपके सारख्या अंतरावर दिसले, तर ती फरशी कोणीतरी रंगवलेली आहे असं समजावं.

थेंबांच्या बाबतीत हे आपल्याला खटकत नाही. जिथे आपला जीव गुंतलेला असतो तिथे खटकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीचे व्ही-१ हे उडते बॉम्ब लंडनवर पडत होते. काही भागांवर ते पुन्हापुन्हा पडतात, काही भाग सुटतात, म्हणजे शत्रू नेम धरून मारतोय, असा समज पसरला होता. युद्ध संपल्यावर आर. डी. क्लार्क यांनी, जे विम्याचं गणित करणारे गृहस्थ होते, दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटरचे ५७६ सारखे चौकोन पाडले आणि प्रत्येकात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण ५३७ बॉम्ब. २२९ चौकोनांत एकही नाही, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, सातमध्ये चार आणि एकात त्याहून जास्त. बॉम्ब डोळे झाकून, कुठेही पडले असते तर काय दिसलं असतं, याचाही हिशेब त्यांनी मांडला. बिनबॉम्बचे चौकोन यायला हवे होते सुमारे २२७, एकेक बॉम्बचे २११, दोन-दोनचे ९९, तीन-तीनचे ३१ आणि चार-चारचे सात. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येत नाही. १९४६ साली त्यांनी हे एका पानात छापलं. गुच्छ खरेच होते, नेम मात्र नव्हता.

आपली गल्लत होते ती अशी. लांब पल्ल्यात जे प्रमाण असतं, तेच प्रत्येक छोट्या तुकड्यात दिसावं असं आपण धरून चालतो. कोणाला नाणं न उडवता, मनानेच वीस छापा-काटे लिहायला सांगा. दोन-तीन छापे सलग लिहिले की हात आपोआप काट्याकडे वळतो. प्रत्यक्ष नाणं वीसदा उडवलं तर चार किंवा अधिक वेळा सलग एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते. म्हणून मनाने लिहिलेली यादी आणि खऱ्या नाण्याची यादी शेजारी ठेवली, की जाणकाराला बहुतेक वेळा ओळखता येते. मनाची यादी जास्तच नीटनेटकी असते.

प्लेलिस्टमध्ये आपण नेमकी मनाने लिहिलेली यादी मागतो. शिवाय मोजदाद आपली एकतर्फी चालते. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आली की ध्यानात राहतं. वेगवेगळ्या गायकांची पाच गाणी पाठोपाठ गेली, तर ते कोण लक्षात ठेवणार?

## ‘पण कालचीच गाणी आज पुन्हा लागतात, त्याचं काय?’

ही तक्रार वेगळी आहे आणि मला विचाराल तर जास्त रास्त आहे. इथे दोष पिसण्याचा नाही, पुन्हापुन्हा पिसण्याचा आहे.

शंभर गाण्यांची यादी घेऊन तुम्ही रोज साधारण पंधरा गाणी ऐकता आणि रोज नव्याने शफल दाबता असं धरू. नवं शफल म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात. आज वाजलेल्या पंधरांपैकी दोन-तीन उद्या पुन्हा लागणारच. आठवड्याचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. सात दिवसांत एकूण १०५ गाणी वाजली, म्हणजे शंभर गाण्यांची अख्खी यादी एकदा ऐकून व्हायला हवी. प्रत्यक्षात सरासरी ३२ गाणी एकदाही वाजलेली नसतात. सुमारे ४० गाणी एकदा वाजतात, २१ दोनदा, आणि सातएक गाणी तीन किंवा जास्त वेळा. ती सात गाणी लक्षात राहतात, आणि यादीत असूनही न लागलेली बत्तीसही. मग ‘माझं ॲप ठरावीक गाणीच लावतं’ हे वाक्य तयार होतं. वाक्य खोटं नाही. फक्त ती सात गाणी कोणी निवडलेली नसतात आणि पुढच्या आठवड्यात दुसरीच सात असतात.

यावर साधा उपाय असा की रोज नवं शफल सुरू न करता कालची रांग जिथे थांबली तिथून पुढे चालवायची. ॲपने रांग जपून ठेवली असेल तर पूर्ण शंभर गाणी होईपर्यंत एकही परत लागणार नाही. काही ॲपनी याची सोय आतूनच केली आहे. ती एकाऐवजी अनेक वेळा गुपचूप पिसतात, प्रत्येक क्रमात नुकतीच ऐकलेली गाणी किती वर आली आहेत ते बघतात, आणि ज्यात ती सगळ्यात मागे आहेत तो क्रम आपल्याला ऐकवतात.

## गाणी पांगवायची कशी?

आता मूळ तक्रारीवरचा इलाज. फक्त काळे ठिपके छापू शकणाऱ्या यंत्राने छायाचित्र छापलं तर त्यात करडा रंग असा नसतोच, काळे ठिपके पांगवून तो भास केलेला असतो. ठिपके कसेही फेकले तर डाग दिसतील, एका रेषेत मांडले तर जाळी दिसेल. म्हणून ते सारखे पांगवायचे, पण किंचित अनियमित ठेवायचे. मार्टिन फिडलर यांनी २००७ मध्ये हीच कल्पना गाण्यांना लावून दाखवली आणि स्पॉटिफायच्या २०१४ च्या बदलामागे तीच प्रेरणा होती. त्या बदलाचा गाभा आपल्या वीस गाण्यांवर चालवून पाहू.

वीस सेंटिमीटरची एक पट्टी समोर आहे असं समजा. प्रत्येक गायकाची गाणी तिच्यावर सारख्या अंतराने खोचायची. अची आठ गाणी, म्हणजे दर अडीच सेंटिमीटरवर एक. बची पाच, म्हणजे दर चारवर. कची दर पाचवर, डची दर दहावर. ईचं एकच, ते कुठेही. आता नशिबाचा भाग. पहिलं गाणं कुठे खोचायचं हे प्रत्येक गायकासाठी चिठ्ठी काढून ठरवायचं, मात्र त्याच्या एका अंतराच्या आतच. समजा अला १.१ ही जागा आली. मग त्याची गाणी १.१, ३.६, ६.१, ८.६, ११.१, १३.६, १६.१ आणि १८.६ वर बसली. बला २.७ आलं, तर त्याची गाणी २.७, ६.७, १०.७, १४.७, १८.७ वर. क ०.४ पासून सुरू झाला, म्हणून ०.४, ५.४, १०.४, १५.४. ड ७.२ आणि १७.२ वर. ईला मिळालं १२.५.

पट्टी डावीकडून उजवीकडे वाचा:

क अ ब अ क अ ब ड अ क ब अ ई अ ब क अ ड अ ब

तीच वीस गाणी, तेच पाच गायक, आणि जोडी एकही नाही. कुठल्या गायकाचं कुठलं गाणं कोणत्या खुंटीवर टांगायचं, हे ठरवायला त्या गायकाची गाणी आपापसांत पिसून घेतात. त्यातही एका अल्बमची गाणी चिकटू नयेत म्हणून हीच पांगापांग अल्बमच्या पातळीवर पुन्हा करता येते. शिवाय प्रत्येक खुंटी जराशी पुढेमागे हलवतात, नाहीतर दर अडीच सेंटिमीटरला अ येतोय हे कानाला कळेल. ही हालचाल बेताची हवी. फार हलवलं तर गुच्छ परत येतात, काहीच हलवलं नाही तर ठेका जाणवतो.

सुरुवातीची ती चिठ्ठी दिसते किरकोळ, पण ती नसती तर पंचाईत झाली असती. सगळ्यांची पहिली गाणी शून्यावरच बसली असती, म्हणजे दर वेळी सुरुवातीला पाचही गायकांची हजेरी, आणि ईचं एकुलतं एक गाणं कायम पहिल्या पाचात.

## जिथे ही युक्ती चालत नाही

वीस गाण्यांपैकी बारा एकाचीच असतील, तर उरलेली आठ गाणी मध्ये घालून त्या बारांचे जास्तीत जास्त नऊ तुकडे पडतात. म्हणजे किमान तीन जोड्या होणारच, तिथे कुठल्याही ॲपचा इलाज नाही. त्याआधीही पूर्ण खात्री नसते. आपल्या उदाहरणात अच्या दोन खुंट्यांमध्ये अडीच सेंटिमीटरची जागा आहे, आणि बाकीच्यांच्या सुरुवातीच्या चिठ्ठ्या अशाही निघू शकतात की त्या जागेत कोणीच पडत नाही. मग अला अ चिकटतो. जोड्या कमी होतात, अजिबात होणारच नाहीत असं वचन ही पद्धत देत नाही.

दुसरी अडचण नावाची. ॲपला आवाज कळत नाही, गाण्याला लावलेली चिठ्ठी कळते. एके ठिकाणी गायकाचं नाव एकट्याचं, दुसरीकडे द्वंद्वगीत म्हणून दोघांची नावं, तिसरीकडे आद्याक्षरं घालून, तर चित्रपटाच्या गाण्याला गायकाच्या जागी संगीतकार. निव्वळ नावावर पांगवणाऱ्या ॲपच्या लेखी हे चार वेगळे कलाकार ठरतात आणि ते त्यांना खुशाल शेजारी बसवेल. ऐकणाऱ्याला मात्र तोच आवाज चारदा ऐकू येतो. उलटही होतं. एकाच संगीतकाराच्या नावावर पाच वेगवेगळ्या गायकांची गाणी असली, तर ती विनाकारण लांब लांब ठेवली जातात.

आणि नेट नसेल तर? तेव्हा यादीतली फक्त उतरवून घेतलेली गाणी वाजतात. शंभरांची यादी न सांगता पंचवीसची होते, आणि मग तेच ते गायक येणं ओघानेच आलं.

## हे खरं शफल की फसवणूक?

गणिताच्या व्याख्येने पांगवलेला क्रम यादृच्छिक नाही. लाखो क्रम त्याने आधीच बाद केलेले असतात, आणि अचं गाणं संपलं की पुढचं अचं नसेल असा अंदाज तुम्ही बहुतेक वेळा बरोबर बांधू शकता. लॉटरीची सोडत अशा पद्धतीने काढली तर ती लबाडी ठरेल. गाण्यांच्या बाबतीत मला यात गैर वाटत नाही, कारण शफल दाबणाऱ्याला संभाव्यतेची कसोटी घ्यायची नसते, त्याला बदल हवा असतो. मात्र बटणावर एक शब्द आणि आत दुसरंच काम, हे ॲपने सेटिंगमध्ये कुठेतरी सांगावं एवढी अपेक्षा वावगी नाही.

मुद्दाम कोणाला पुढे ढकलण्याचा संशय मात्र शफलवर घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. काही ॲपमध्ये शफलच्याच बटणामागे दुसरी सोय दडलेली असते, जी तुमच्या यादीत नसलेली गाणी आपल्या मनाने मध्ये घालते. यादी संपल्यावर ‘अशीच आणखी गाणी’ आपोआप सुरू होणं हाही तसाच प्रकार. ती निवड तुमच्या आवडीच्या अंदाजावर चालते, तिथे चिठ्ठ्यांचा डबा नसतो. वाजलेलं गाणं तुमच्या यादीत आहे का, एवढं पाहिलं की उलगडा होतो.

आणि तुमचं ॲप नुसतं पिसतं की पांगवतं, हे घरबसल्या काढता येतं. वीस-पंचवीस गाण्यांची एक यादी करा, गायकांची नावं सरळ आणि एकसारखी लिहिलेली आहेत याची खात्री करून. दहा वेळा शफल दाबा आणि प्रत्येक वेळी गाणी न ऐकता फक्त पुढची रांग उघडून जोड्या मोजा. तीन गाणी सलग आली तर दोन जोड्या धरा. आपल्या पाच गायकांच्या यादीत नुसतं पिसणाऱ्या ॲपमध्ये दहा वेळांच्या मिळून ४५च्या आसपास जोड्या यायला हव्यात. ३५ ते ५५ आल्या तरी बिघाड समजू नये, इतका चढउतार चालतो. दहा-पंधराच आल्या तर ॲप पांगवतंय. एकदा मोजून भागणार नाही, कारण साडेचारच्या जागी एकाच शफलमध्ये दोन किंवा सात जोड्या येणंही नेहमीचं आहे. ऐंशी-नव्वद आल्या, तर मात्र खरंच काहीतरी बिघडलंय आणि तक्रार करताना तो आकडा सोबत द्यावा.